चार्टवर तर होतं सगळं

जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या सेकंड मेट परीक्षेची तयारी करणारी मुलं अधूनमधून माझ्याकडे येऊन बसतात. ओरल्सला जायच्या आधी कुणा जुन्या माणसाने खोदून खोदून प्रश्न विचारावेत, एवढीच त्यांची अपेक्षा असते. गेल्या महिन्यात असाच एक मुलगा आला होता, रत्नागिरीकडचा, तरतरीत. वॉच, म्हणजे ब्रिजवरून जहाज चालवायची चार तासांची पाळी, हँडओव्हर करताना काय काय सांगशील, असं विचारल्यावर त्याने पाढे म्हणावेत तसं सगळं म्हणून दाखवलं. पोझिशन, कोर्स, स्पीड, ड्राफ्ट, आजूबाजूची जहाजं, हवामान, भरती-ओहोटी, कंपासची एरर, कॅप्टनच्या नाइट ऑर्डर्स. काहीही राहिलं नाही. मग मी त्याला रीफवर चढलेल्या ‘शेन नेंग १’ या जहाजाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, आता सांग, इथे काय राहिलं? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “पण सर, चार्टवर तर होतं ना सगळं? नवी रेष मारली होती. चीफ मेटने बघायला हवी होती.” मी त्याला त्या अपघाताच्या तपास अहवालातलं उत्तर दिलं, त्याने मान डोलावली, चहा संपवून गेला. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो चुकीचं बोलला नव्हता. चार्टवर खरंच होतं सगळं.

३ एप्रिल २०१०. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ग्लॅडस्टोन बंदरातून ‘शेन नेंग १’ हे चिनी बल्क कॅरियर कोळसा भरून निघालं. अडुसष्ट हजार टन कोळसा, सव्वादोनशे मीटर लांबीचं जहाज, जायचं चीनला. ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण टोकाकडचा हा समुद्र. पायलट उतरून गेल्यावर कॅप्टनने आधी आखलेला मार्ग थोडा बदलायचं ठरवलं. यात वावगं काही नाही, मार्ग रोज बदलतात. बारा-चारच्या वॉचवर सेकंड मेट होता. नवी रेष चार्टवर आली, नव्या रेषेवर जहाज चालू लागलं. दुपारी चार वाजता कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, चीफ मेट, वर आला आणि त्याने वॉच घेतली. पुढे एका ठराविक जागी जहाज वळवायचं होतं. ते वळलं नाही. पाच वाजून पाच मिनिटांनी, स्वच्छ उजेडात, ग्लॅडस्टोनच्या उत्तरेला साधारण पन्नास मैलांवर ते डग्लस शोलवर चढलं. इंजिन रूममध्ये आणि बॅलस्ट-इंधनाच्या सहा टाक्यांमध्ये भोकं पडली. तिथून ते निघालं १२ एप्रिलला. तोवर वारा आणि भरतीने त्याला रीफवरून फरफटत नेलं होतं आणि प्रवाळावर सुमारे तीन किलोमीटर लांबीचा ओरखडा उमटला होता.

वॉच घेतल्यापासून रीफपर्यंत एक तास आणि पाच मिनिटं.

या एका तासात काय बिघडलं, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. वादळ नाही, धुकं नाही, इंजिन ठणठणीत, ब्रिजवर लुकआउटला माणूस हजर. डग्लस शोल पाण्याखाली आहे. वर ना दगड दिसतो, ना दिवा. पाण्याचा रंग ओळखून सावध व्हावं तर तेवढ्या अंतरात भरलेलं बल्कर थांबत नाही. म्हणजे डोळ्यांनी बघून कळण्यासारखं तिथे काही नव्हतंच. वळायची जागा फक्त दोन ठिकाणी होती: कागदी चार्टवर आणि वॉच करणाऱ्याच्या डोक्यात. जीपीएसमध्ये नव्हती, कारण मार्ग बदलला तेव्हा चार्टवरची रेष बदलली, पण जीपीएसमधले वेपॉइंट, म्हणजे वळायच्या जागा, जुनेच राहिले. चीफ मेटची भिस्त मात्र जीपीएसवर होती. वळायची जागा आली की अलार्म वाजेल, या हिशोबाने तो होता. तो अलार्म वाजणं शक्यच नव्हतं.

आता त्या मुलाचा प्रश्न पुन्हा बघा. हँडओव्हरच्या यादीत ‘जीपीएसमधला रूट बदललेला नाही’ असा रकाना कुठेच नसतो. यादी करणाऱ्याने काय काय आहे ते लिहिलेलं असतं. काय केलेलं नाही, ते कुठल्या कोपऱ्यात लिहायचं? सेकंड मेटच्या दृष्टीने त्याचं काम झालं होतं. त्याने रेष मारली होती, तो त्या रेषेवर जहाज चालवत होता, चार्टवर पोझिशन टाकत होता. त्याला जीपीएसच्या अलार्मची गरज नव्हती, म्हणून त्यात काय आहे याचा विचारही त्याच्या मनात आला नसेल. आणि येणाऱ्याने सवयीप्रमाणे गृहीत धरलं की जो चार्ट बदलतो तो जीपीएसही बदलतो. दोघांच्याही डोक्यात एकेक चित्र होतं, आणि दोन्ही चित्रं आपापल्या जागी पूर्ण होती. ती एकमेकांवर ठेवून बघायची वेळ म्हणजे ती चारची दहा-पंधरा मिनिटं.

ही दहा-पंधरा मिनिटं कशी असतात, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच ठाऊक. विशेषतः पहाटेची. पावणेचारला फोन वाजतो, तुम्ही उठता, तोंडावर पाणी मारून जिने चढता. ब्रिजचं दार उघडलं की आत काळोख. पडद्याआड चार्ट टेबलवर मंद लाल दिवा, रडारचा अंधुक प्रकाश, आणि आधी कुणीतरी केलेल्या कॉफीचा करपट वास. डोळे अंधाराला सरावेपर्यंत समोरचा माणूस नुसता आवाज असतो. नियम सांगतो की नजर सरावल्याशिवाय वॉच घ्यायची नाही, आणि तो नियम शहाण्या माणसाने केलाय. पण ज्याची वॉच संपतेय त्याच्या पायात तोवर बंक शिरलेला असतो. तो बोलत असतो ते त्याला पाठ असतं, तुम्ही ‘ओके, ओके’ म्हणत असता तेही तोंडातल्या तोंडात. शेवटी तो म्हणतो, “बाकी सगळं नॉर्मल.” या तीन शब्दांवर किती जहाजं पुढे गेली असतील याचा हिशोब नाही. बहुतेक वेळा सगळं नॉर्मल असतंही, हीच खरी पंचाईत आहे.

मी थर्ड मेट असताना एक चीफ मेट होता. तमिळ, बुटका, सतत वैतागलेला. त्याला वॉच देणं म्हणजे शिक्षा वाटायची. तुम्ही सांगायला सुरुवात केली की तो हात वर करून थांबवायचा. स्वतः चार्टपाशी जायचा, शेवटच्या दोन पोझिशन बघायचा, मग तिसरी स्वतः टाकायचा. किनारा दिसत असेल तर रडारवरून एखाद्या टोकाचं अंतर आणि बेअरिंग घेऊन टाकायचा, म्हणजे जीपीएस आणि रडार दोन्ही एकच सांगतायत ना ते कळे. त्यानंतर पेन्सिलीचं टोक पुढच्या वळणावर ठेवून विचारायचा: कितीला वळायचं? वळायची वेळ झाली हे मला कशावरून कळेल? आणि नाही वळलो तर पुढे काय आहे? उत्तर तोंडाने द्यायचं नाही, बोट ठेवून दाखवायचं. तेव्हा मला तो निव्वळ छळ वाटायचा. आज वाटतं, त्या दुपारी चार वाजता ग्लॅडस्टोनच्या उत्तरेला कुणीतरी हे विचारायला हवं होतं. ‘कशावरून कळेल’ याचं उत्तर देताना ‘जीपीएस’ हा शब्द तोंडून निघाला असता, मग कुणीतरी जीपीएसकडे वळून बघितलं असतं, आणि त्यात जुना रूट दिसला असता.

वॉच देणारा सांगतो तेवढ्यावर भागत नाही, घेणाऱ्याने विचारावं लागतं. माणूस सांगताना स्वतःला महत्त्वाचं वाटतं तेच सांगतो, यात त्याचा आळस किंवा लबाडी नसते. दुसऱ्याला कशाची गरज लागणार आहे, हे फक्त त्या दुसऱ्यालाच ठाऊक असतं. नियमातही भार घेणाऱ्यावरच टाकलाय. जहाजाची जागा, ठरलेला मार्ग, कोर्स, स्पीड आणि पुढचे धोके याबद्दल त्याने स्वतःची खात्री करून घ्यायची, आणि मगच वॉच घ्यायची. नुसतं ऐकून घेणं म्हणजे खात्री करणं नव्हे.

अर्थात घेणाऱ्याने विचारूनही सगळं चुकू शकतं. १९९५ सालचं ‘रॉयल मॅजेस्टी’ हे क्रूझ जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं होतं. निघाल्यावर तासाभरातच त्याच्या जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चालूच राहिलं, फक्त उपग्रहांऐवजी कोर्स आणि स्पीडवरून अंदाजाने आकडे दाखवू लागलं. तशी सूचना स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होती. त्यानंतर एकामागून एक वॉच बदलल्या. प्रत्येकाने चार्टवर पोझिशन टाकल्या, आणि त्या सगळ्या रेषेवर नीट बसल्या, कारण त्या सगळ्या एकाच खोट्या यंत्रातून येत होत्या. लोरान हे जागा सांगणारं दुसरं साधन ब्रिजवर होतं, पण दोन्हींचे आकडे कुणी शेजारी ठेवून बघितले नाहीत. चार-आठच्या वॉचवर चीफ ऑफिसरला रडारवर एक बॉय, म्हणजे मार्गाची तरंगती खूण, अपेक्षित वेळी दिसला आणि त्याला वाटलं, चला, बरोबर आहोत. तो बॉय दुसराच होता. आठनंतर सेकंड ऑफिसरला पुढचा बॉय दिसलाच नाही, तरी कॅप्टनने विचारल्यावर त्याने दिसला म्हणून सांगितलं, कारण जीपीएसप्रमाणे जहाज जागेवर होतं. रात्री दहाच्या पुढे नँटकेट बेटाच्या पूर्वेला ते वाळूत रुतलं, ठरल्या मार्गापासून सतरा मैल बाजूला. हँडओव्हर प्रत्येक वेळी झालं होतं. एकाने दुसऱ्याला नेमकी तीच चूक जपून सोपवली.

म्हणून त्या तमिळ चीफ मेटची तिसरी पोझिशन मला फार मोलाची वाटते. त्याचा माणसावर अविश्वास नव्हता. एकाच विहिरीचं पाणी दोघांनी प्यायल्यावर कुणी कुणाला सावध करायचं, एवढाच त्याचा मुद्दा असायचा.

पण ‘शेन नेंग’मध्ये याहून अवघड एक गोष्ट आहे, आणि त्या मुलाला उत्तर देताना मी ती टाळली, असं मला नंतर जाणवलं. चीफ मेटने अलार्मवर भिस्त का ठेवली? ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने लिहिलंय की अपघाताच्या आधीच्या साडेअडतीस तासांत तो माणूस अडीच तास झोपला होता. बल्कवर काम केलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. कोळसा भरताना चीफ मेट हा लोडिंगचा मालक. शिप लोडर या होल्डवरून त्या होल्डवर जातो, त्याच्या जोडीने बॅलस्टचं पाणी बाहेर काढायचं, एका जागी जास्त भार पडून जहाज वाकू द्यायचं नाही, शेवटी ट्रिमिंगचे काही शे टन कुठे टाकायचे ते ठरवायचं, ड्राफ्ट सर्व्हेसाठी धक्क्यावर आणि होडीत उतरून आकडे वाचायचे. अंगावर काळी पूड, दाढी वाढलेली, वॉकी-टॉकी कानाला. जहाज सुटतं तेव्हा तो पुढे फोअरकॅसलवर दोरखंड सोडवायला असतो, आणि मग घड्याळात चार वाजले की वॉच त्याचीच. विश्रांतीच्या तासांचा तक्ता असतो, चोवीस तासांत दहा तास वगैरे, आणि तो तक्ता पुष्कळ जहाजांवर सावकाश बसून नीटनेटका भरला जातो. याहून जास्त मी इथे लिहीत नाही.

अशा माणसाच्या डोक्यात माहिती गेली तरी राहत नाही. थकलेला माणूस झोपतोच असं नाही. तो उभा असतो, बोलतो, उत्तरंही बरोबर देतो. फक्त त्याच्याकडून आपणहून काही सुचणं बंद होतं. अर्ध्या तासाने पोझिशन टाकायला हवी, ही आठवण आतून यावी लागते, आणि ती येत नाही. मग तो बाहेरच्या कशावर तरी आठवणीचं काम सोपवतो. अलार्मवर, दुसऱ्या माणसावर, ‘पुढे बघू’वर. वॉच देणाऱ्याने नीट पाहिलं तर याच्या खुणा दिसतात. समोरचा तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘ओके’ म्हणतो. चार्टकडे बघतो पण नजर एका जागी ठरत नाही. तुम्ही सांगितलेला आकडा परत म्हणून दाखवत नाही. हेल्मवर आपण याबाबत किती कडक असतो! ‘स्टारबोर्ड टेन’ म्हटलं की हेल्म्समनने ते मोठ्याने परत म्हणायचं, सुकाणू तिथे पोचलं की पुन्हा सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने रडर इंडिकेटरकडे बघायचं. दहा अंशांसाठी एवढा बंदोबस्त, आणि चार तासांची अख्खी वॉच ‘ओके, गुड वॉच’वर.

आता नियम काय म्हणतो? समोरचा माणूस वॉच करण्याच्या अवस्थेत नाही असं वाटलं, तर त्याला वॉच द्यायची नाही आणि कॅप्टनला कळवायचं. वाचायला किती सोपं. पण बारा-चारवर असतो सेकंड मेट, आणि त्याला सोडवायला येतो चीफ मेट. म्हणजे पंचविशी-तिशीतल्या पोराने आपल्याहून वरच्या माणसाला, जो उद्या त्याचं अप्रेझल लिहिणार, असं म्हणायचं की सर, तुम्ही दमलेले दिसता, मी तुम्हाला वॉच देत नाही. आणि मग फोन उचलून कॅप्टनला सांगायचं. तो कॅप्टनही बंदरातून निघताना ब्रिजवर उभा राहून नुकताच खाली गेलेला. ओरल्सच्या टेबलावर प्रत्येक जण म्हणतो, “आय विल कॉल द मास्टर, सर.” जहाजावर असं फार कमी जण करतात. मी स्वतः करणारे मोजकेच पाहिलेत, आणि त्यातल्या एकाला पुढचे दोन महिने चीफ मेटने सुखाने जेवू दिलं नाही.

म्हणून हा भार धाकट्याच्या खांद्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. ‘ब्रिज टीम मॅनेजमेंट’च्या कोर्समध्ये सिम्युलेटरवर आपण पोरांना बोलायला शिकवतो, शंका असेल तर मोठ्याने सांग म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण बोलावं लागण्याआधीच प्रश्न सुटला असेल तर जास्त बरं. कोण दमणार हे बंदरात शिरण्याआधीच ठाऊक असतं. लोडिंगच्या वेगावरून आणि सुटण्याच्या वेळेवरून कुणीही सांगेल. अहवालातही बोट मुख्यतः तिथेच ठेवलंय: लोडिंग बघून आलेला माणूस वॉच करण्याच्या अवस्थेत आहे की नाही, हे तपासायची कुठलीही चालणारी व्यवस्था त्या जहाजावर नव्हती.

अपघातानंतर एक गोष्ट बदलली. त्या भागातून जाणाऱ्या जहाजांवर किनाऱ्यावरून लक्ष ठेवणारी व्हीटीएसची यंत्रणा तेव्हा ग्लॅडस्टोनपुढच्या या समुद्रात नव्हती, ती २०११ साली दक्षिणेपर्यंत वाढवली गेली. आता जहाज मार्ग सोडून जाऊ लागलं तर किनाऱ्यावर कुणाला तरी दिसतं, आणि व्हीएचएफवर आवाज येतो. कागदी चार्टही बहुतेक गेले, स्क्रीनवर चार्ट दाखवणारं एकडिस आलं. पण नव्या यंत्रातही जुनी फट नव्या जागी आहेच. ब्रिजवर दोन एकडिस असतात. दुपारी रूट बदलला, एका यंत्रात सेव्ह केला, दुसऱ्यात जुनाच मॉनिटरिंगला राहिला, असं होतं. किंवा नवा रूट काढला पण त्याची तपासणी न करताच चालू केला. येणारा माणूस ज्या स्क्रीनसमोर उभा राहतो ती स्क्रीन जाणाऱ्याने वापरलेली असेलच असं नाही. मी मुलांना सांगतो, रूट बदलल्याचं कानावर आलं की दोन्ही स्क्रीनवर रूटचं नाव वाच, आणि पुढच्या वेपॉइंटपर्यंतचं अंतर दोन्हीकडे एकच आहे का बघ. अर्धा मिनिट लागतो.

आणि त्या मुलाने पुन्हा फोन केला तर त्याला सांगण्यासाठी एक उदाहरण मी शोधून ठेवलंय. एका कॅप्टनबरोबर मी आयर्न ओअरच्या जहाजावर सेकंड मेट होतो. त्याच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये एक ओळ हाताने लिहिलेली होती: लोडिंग संपवून निघाल्यावर चीफ मेटची पहिली वॉच मी करीन, त्याने विनंती करायची गरज नाही. पारादीपहून निघालो तेव्हा चार वाजता जिन्यावर पावलं वाजली आणि कॅप्टन स्वतः वॉच घ्यायला आला. निघताना पायलटसाठी तोही जागाच होता, पण दुपारी दोन तास झोपून आला होता, आणि ते त्याने आल्या आल्या मला सांगितलं, म्हणजे मला विचारावं लागू नये. मग म्हणाला, “आता मी कॅप्टन नाही, तुझा रिलीव्हर आहे. चार्टवर दाखव.” मी दाखवलं. त्याने दोन-तीन उलटे प्रश्न विचारले, एक आकडा परत म्हटला, रडारवरून एक अंतर स्वतः घेतलं, आणि स्पष्ट शब्दांत “आय हॅव द वॉच” म्हणाला. कॅप्टन नुसता ब्रिजवर उभा आहे म्हणून वॉच त्याची होत नाही, तसं बोलावं लागतं, हेही तो विसरला नव्हता. खाली आमचा चीफ मेट कुरकुरत झोपायला गेला होता, आपल्याला कुणी नाजूक समजतंय असं वाटून. संध्याकाळी जेवायला उठला तेव्हा डोळे सुजलेले, पण आमटी वाढून घेताना त्याने मला पहिलं काय विचारलं असेल, तर दुपारी रूटमध्ये काही बदल केलाय का.